पाय तोच, अर्थ तीन

गेल्या काही वर्षांत भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही गिअरच्या दांड्याजवळ एक छोटं बटण किंवा फिरवायची चकती दिसू लागली आहे. किआ सेल्टॉसमध्ये तिच्यावर इको, नॉर्मल, स्पोर्ट असे पर्याय असतात. टाटा नेक्सॉनमध्ये मधल्या पर्यायाला सिटी म्हणतात. महिंद्राच्या डिझेल एक्सयूव्ही ७०० मध्ये झिप, झॅप, झूम अशी खेळकर नावं आहेत. नावं काहीही असोत, शोरूममध्ये मिळणारं स्पष्टीकरण बहुधा एकच असतं : इकोत ॲव्हरेज मिळतं आणि स्पोर्टमध्ये गाडी पळते. मग बहुतेक जण गाडी घरी आणल्यावर आठवडाभर बटण दाबून पाहतात आणि पुढे कायम इकोत किंवा कायम नॉर्मलवर चालवतात.

हे स्पष्टीकरण चुकीचं नाही, पण त्यातून एक गैरसमज होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्पोर्ट लावलं की इंजिनाची ताकद वाढते. नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत तसं सहसा होत नाही. इंजिन ११५ अश्वशक्तीचं असेल, तर ते तिन्ही मोडमध्ये ११५ चंच राहतं. बदलतो तो तुमच्या पायाने आणि हाताने दिलेल्या हुकमाचा अर्थ. तो कुठे आणि किती बदलतो हे कळलं, की कोणत्या रस्त्यावर कोणतं बटण हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पायापासून इंजिनापर्यंत

जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत एक केबल जायची. पाय जितका दाबाल, तितकी हवेची झडप उघडायची. आजच्या गाडीत ती केबल नाही. पेडलला सेन्सर असतो. पेडल किती दाबलंय ते तो इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला कळवतो. चालकाला किती जोर हवा आहे हे ईसीयू ठरवतो आणि मग एक छोटी मोटर थ्रॉटलची झडप हलवते. पेडल किती दाबलं की किती जोर मागितला असं समजायचं, याचा तक्ता ईसीयूमध्ये भरलेला असतो. मोड बदलला की हा तक्ता बदलतो.

समजा, तुम्ही पेडल एकतृतीयांश दाबलंय. नॉर्मलमध्ये इंजिनाकडे साधारण एकतृतीयांश जोराची मागणी जाईल. इकोमध्ये तीच मागणी पाचव्या हिश्शाइतकी होऊ शकते आणि स्पोर्टमध्ये निम्म्याइतकी. नेमके आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, पण घडण हीच. स्पोर्टमध्ये पेडलच्या सुरुवातीच्या भागातच बराच जोर मिळतो, म्हणून सिग्नलला हलकासा पाय लावला तरी गाडी उसळते आणि ‘काय पिकअप आहे!’ असं वाटतं. इकोत तोच जोर पेडलच्या शेवटच्या भागाकडे सरकवलेला असतो, म्हणून गाडी ‘मेल्यासारखी’ वाटते. पाय तळापर्यंत नेलात तर बहुतेक गाड्यांत तिन्ही मोड एकाच जागी पोहोचतात. संकटात पूर्ण पाय दाबला, तर इकोमध्येही गाडी पूर्ण जोर देते. फक्त तो थोडा उशिरा मिळतो. हा उशीर पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

विजेच्या गाड्या आणि स्कूटर यांना हा नियम लागू नाही. तिथे इकोमध्ये अनेकदा मोटरची कमाल शक्तीच खाली आणलेली असते, कधी कमाल वेगही. म्हणून पुलाच्या चढावर इकोमधली विजेची स्कूटर पूर्ण मूठ पिळूनही रेंगाळते. विजेचं वाहन घेताना हा फरक विक्रेत्याला विचारून घ्यावा.

गिअर कधी बदलायचा

थ्रॉटलचा बदल पायाला लगेच जाणवतो. गाडीच्या वागण्यात खरा मोठा फरक मात्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाडतो. मॅन्युअल गिअरच्या गाडीत मोडचं बटण असलं, तरी गिअर तुमच्याच हातात असल्यामुळे मोडचं निम्मं काम तिथे उरतच नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मुख्यतः दोन गोष्टी पाहून निर्णय घेतो : गाडीचा वेग किती आणि पेडल किती दाबलंय. या दोन्हींच्या जोडीवर वरचा गिअर कधी टाकायचा आणि खालच्या गिअरवर कधी उतरायचं, याच्या रेषा आखलेल्या असतात. इको या रेषा लवकरच्या बाजूला सरकवतो. इंजिनाचे फेरे वाढायच्या आतच वरचा गिअर पडतो आणि खालचा गिअर शक्य तितका टाळला जातो. स्पोर्ट उलट करतो. खालचा गिअर लांबपर्यंत धरून ठेवतो आणि पाय जरा दाबला की पटकन एक-दोन गिअर खाली उतरतो. सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये ठरावीक गिअर नसतात, पण तिथेही स्पोर्टमध्ये इंजिन जास्त फेऱ्यांवर ठेवलं जातं.

लवकर वरचा गिअर पडल्याने इंधन का वाचतं? सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जाणाऱ्या, माणसांसकट १,६०० किलोच्या गाडीला हवा आणि टायरांचा विरोध मोडायला जेमतेम बारा-तेरा अश्वशक्ती पुरते. ही गरज तिन्ही मोडमध्ये तीच. प्रश्न इतकाच, की ही बारा-तेरा अश्वशक्ती इंजिनाने किती फेऱ्यांवर तयार करावी. सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण १,८०० फेरे घेईल, चौथ्यात साधारण २,७००. फेरे वाढले की इंजिनाच्या आतलं घर्षण वाढतं. शिवाय पेट्रोल इंजिनात जास्त फेऱ्यांवर थोडीच शक्ती हवी असेल, तर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली ठेवावी लागते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती खर्ची पडते. कमी फेरे आणि जास्त उघडी झडप, ही जोडी काटकसरीची. इको गिअरबॉक्सकडून हीच जोडी साधून घेतो.

या काटकसरीची किंमत म्हणजे तयारी नसणं. १,३०० फेऱ्यांवर रमतगमत चाललेलं छोटं टर्बो इंजिन अचानक जोर मागितला तर लगेच देऊ शकत नाही. आधी गिअरबॉक्सला दोन-तीन गिअर खाली यावं लागतं, मग फेरे चढतात, मग टर्बोमध्ये दाब तयार होतो. स्पोर्टमध्ये ही तयारी आधीच झालेली असते. इंजिन २,३००-२,५०० फेऱ्यांवर सज्ज असतं आणि त्यासाठी थोडं जास्त पेट्रोल सतत जळत असतं.

स्टिअरिंगचं वजन

स्टिअरिंगबद्दल फार बोलावं असं तिथे काही घडत नाही. आजच्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्यावर किंवा रॅकवर विजेची मोटर असते. तुमच्या हाताने दांड्याला किती पीळ बसला हे सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. पार्किंग करताना मदत भरपूर, वेगात कमी, ही सोय प्रत्येक मोडमध्ये असते. ज्या गाड्यांत स्पोर्ट मोड स्टिअरिंगलाही लागू होतो, तिथे ही मदत आणखी थोडी घटवली जाते आणि चाक हाताला जड लागतं.

जड चाक म्हणजे अचूक चाक नव्हे. नेहमीच्या गाड्यांत मोडने स्टिअरिंगचं गुणोत्तर बदलत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक तितकंच फिरवावं लागतं. टायरांची पकड तर तसूभरही वाढत नाही. महामार्गावर हाताच्या बारीक हालचालींनी गाडी हलत नाही, हा जड चाकाचा खरा फायदा. गल्लीबोळात आणि पार्किंगमध्ये त्याचा नुसता त्रास. अनेक गाड्यांत तर मोड बदलून स्टिअरिंगमध्ये काहीच बदल होत नाही. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं.

पुणे ते चिपळूण

हे सगळं एका प्रवासात बसवून पाहू. टर्बो पेट्रोल, सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी आहे. चार माणसं आणि सामान. पुण्याहून बेंगळुरू महामार्गाने साताऱ्याच्या पुढे उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण.

पुण्यातून बाहेर पडताना वाहनं एकमेकांना चिकटून सरकतात. इथे इको उत्तम. पाऊल जरा जास्त पडलं तरी गाडी झटका देत नाही, पुढच्या गाडीच्या बंपरवर जात नाही. इकोत एसीचा जोरही कमी होत असेल, तर भर उन्हात चार माणसांना ते जाणवेल. मग नॉर्मल करून टाकावं. अर्ध्या लिटर पेट्रोलसाठी सगळ्यांनी घामाघूम होण्यात अर्थ नाही.

महामार्ग मोकळा झाला आणि वेग ८०-९० वर स्थिरावला, की इको आणि नॉर्मल यांत फारसा फरक उरत नाही. दोन्हींत गिअरबॉक्स सहाव्यातच असतो. स्पोर्टमध्ये मात्र काही गाड्या पाचव्याच्या वर जात नाहीत, आणि तेव्हा इंजिनाची घरघर कानांना आणि इंधनाच्या काट्याला दोन्हीकडे कळते.

जुन्या घाटरस्त्याने खंबाटकीसारखा चढ भरलेल्या गाडीने चढताना इकोची एक खोड दिसते. गिअरबॉक्स पाचवा टाकतो, वेग पडतो, तुम्ही पाय दाबता, तो चौथ्यावर येतो, वेग येतो, तो पुन्हा पाचवा टाकतो. आरपीएमचा काटा दर काही सेकंदांनी वर-खाली होतो आणि गाडी एका लयीत चढत नाही. आधुनिक गिअरबॉक्स चढ ओळखून स्वतःला बऱ्यापैकी आवरतात, पण काटा असा नाचताना दिसला, तर स्पोर्ट करावं किंवा पॅडलने चौथा गिअर धरून ठेवावा. या नाचानाचीत इकोने वाचवलेलं इंधन उरत नाही, आणि मागे बसलेल्यांना मळमळतं ते वेगळंच.

उंब्रजला महामार्ग सोडला की पाटणच्या रस्त्यावर समोरासमोरची वाहतूक लागते. पुढे एसटी ताशी ५० ने चाललीय, तुम्ही तिच्या मागे. ओव्हरटेक करायचं तर तुमच्या आणि बसच्या मधलं अंतर, बसची बारा मीटर लांबी, तुमची स्वतःची लांबी आणि पुढे जाऊन सोडायची जागा मिळून बसपेक्षा साधारण ४५ मीटर जास्त कापावे लागतात. तुम्ही सरासरी ७० ने गेलात, तर त्याला आठेक सेकंद लागतील. समोरून येणारी गाडीही ७० ने येत असेल, तर तुम्हा दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ३९ मीटरने घटतंय. म्हणजे नुसतं ओव्हरटेक पूर्ण होईपर्यंतच तीनशेहून जास्त मीटर संपतात, आणि वर सुरक्षित अंतर हवंच.

आता इकोमधला उशीर मोजा. पाय दाबल्यापासून गिअर उतरून, टर्बो भरून खरा जोर मिळेपर्यंत स्पोर्टपेक्षा एक सेकंद जास्त लागला, तर ३९ मीटर गेले. तीन एसट्या एकामागे एक उभ्या राहतील इतका रस्ता. तोवर तुमची गाडी उजव्या बाजूला आलेली असते आणि चालकाला वाटतं, ‘गाडी उठतच नाही.’ म्हणून ओव्हरटेकसाठी स्पोर्ट लावायचं असेल, तर बसच्या मागे असतानाच लावावं. गिअर उतरलाय, काटा दोन हजारांच्या वर आहे, हे पाहून मगच बाहेर काढावी. उजव्या बाजूला गेल्यावर बटण शोधत बसणं हा सगळ्यात वाईट क्षण. बसच्या पुढे गेलात की परत नॉर्मल. समोरचा रस्ता पुरेसा दिसत नसेल, तर कुठलाच मोड उपयोगाचा नाही, मागे थांबावं.

घाट उतरताना उलटा हिशेब

कोयनानगर मागे पडलं की कुंभार्ली घाट उतरायला लागतो, आणि इथे मोडची निवड सर्वांत जास्त महत्त्वाची ठरते. चालकांची सवय मात्र इथे बरोबर उलटी असते. उतार आहे, जोर लागत नाही, म्हणून इको.

१,६०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येताना जवळजवळ ७८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सव्वीस-सत्तावीस लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला तेवढी पुरते. यातला काही भाग टायर आणि हवेच्या विरोधात जातो. उरलेला बराच मोठा भाग ब्रेक किंवा इंजिन यांपैकी कुणीतरी रिचवायचा असतो. इकोमध्ये गिअरबॉक्स वरचा गिअर धरून ठेवतो, इंजिनाचा अडसर नगण्य राहतो आणि जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते. काही गाड्यांत इकोमध्ये पाय उचलला की गिअरबॉक्स इंजिनाला चाकांपासून सोडवूनच टाकतो. मग तर गाडी न्यूट्रलमध्ये उतरल्यासारखी उतरते.

ब्रेक तापल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. जळकट वास येतो, पेडल पूर्वीपेक्षा जास्त दाबावं लागतं आणि तेवढ्या दाबाला गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. दाबून ठेवलेल्या ब्रेकपेक्षा गिअर खाली आणणं केव्हाही चांगलं. उतारावर स्पोर्ट लावा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मॅन्युअलवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा. इंजिनाचे फेरे तीन हजारांवर जातील, आवाज वाढेल. त्याने इंजिनाला काही होत नाही. लाल रेषेच्या खूप खाली आहे ते. उतारात जो गिअर लागतो तो घाटाच्या सुरुवातीलाच निवडावा, वेग वाढल्यावर नाही.

गंमत म्हणजे यात पेट्रोलही जळत नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला असेल आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर आजचं इंजिन इंजेक्टर बंद करून टाकतं. चाकंच इंजिनाला फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतः चालू राहावं म्हणून त्याला आयडलचं इंधन पाजावं लागतं. घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची आपल्याकडची जुनी सवय आजच्या गाडीत धोकादायक तर आहेच, शिवाय तोट्याची आहे. ज्या उतारात सगळे इको लावतात, तिथे खालच्या गिअरमधला स्पोर्ट जास्त इंधन घेत नाही.

ॲव्हरेजचा खरा मालक

मग रोजच्या शहरी वापरात इकोने किती वाचतं? तुमचा पाय मुळातच हलका असेल, तर फार थोडं. पाय जड असेल, तर इको त्याला आवर घालतो. पण तुम्ही वैतागून पेडल आणखी दाबत राहिलात, तर गिअरबॉक्स खाली उतरतो आणि इको लावून नॉर्मलसारखीच गाडी चालते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार जोरात वेग घेणं आणि जोरात ब्रेक मारणं यामुळे मायलेज महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के घटू शकतं. बटणाच्या आधी पायाचा नंबर लागतो, तो यामुळे.

स्वतःच्या गाडीत इकोचा उपयोग किती, हे पाहायचं असेल तर एकाच पंपावर टाकी भरून रोजच्याच रस्त्याने एक टाकी इकोत आणि एक नॉर्मलमध्ये संपवावी आणि भरलेल्या लिटरने किलोमीटरला भागावं. डॅशबोर्डवर दिसणारा सरासरी आकडा एका दिवसाच्या वाहतुकीनेही हलतो, म्हणून त्यावरून निकाल काढू नये.

आपल्या गाडीत काय बदलतं

हे तपासायला दहा मिनिटं आणि मोकळा, सरळ रस्ता पुरतो. शेजारी कुणाला तरी बसवा. बटण त्यांनी दाबायचं, तुम्ही रस्ता पाहायचा. ताशी ५० चा स्थिर वेग धरा, पाय जिथे आहे तिथेच ठेवा आणि इकोवरून स्पोर्टवर यायला सांगा. गाडी आपोआप पुढे ओढली, तर थ्रॉटलचा तक्ता बदलतोय. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला, तर गिअरच्या रेषा बदलताहेत. चाक हाताला घट्ट लागलं, तर स्टिअरिंगही त्यात आहे. मग पाय पूर्ण उचला. स्पोर्टमध्ये गाडी मागे ओढल्यासारखी संथ होते का आणि इकोत सैल धावते का, ते पाहा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती शेवटचा मोड लक्षात ठेवते की नॉर्मलवर परत येते, हेही बघून ठेवा. ओव्हरटेकच्या वेळी ‘मी स्पोर्टमध्येच आहे’ हा समज खोटा निघू नये.

स्पोर्टची एक मर्यादा यात दिसत नाही, ती पावसात दिसते. ओल्या रस्त्यावर, चिखलात किंवा कच्च्या बाजूपट्टीवर चाक असताना स्पोर्टमधला तिखट पाय चाकं घसरवतो; तिथे इकोचं मंद पेडल जास्त भरवशाचं. काही गाड्यांत चिखल, वाळू, बर्फ अशा नावांचे जे पर्याय असतात, ते यापेक्षा वेगळे. ते ब्रेक आणि चाकांच्या पकडीवर काम करतात.

नवीन गाडी घेत असाल, तर टेस्ट ड्राइव्हला विक्रेता बहुधा सपाट रस्त्यावर स्पोर्ट लावून एकदा गाडी पळवून दाखवतो. त्याऐवजी जवळचा एखादा पूल किंवा चढ मागा आणि तो इकोमध्ये चढून पाहा. उतरताना मॅन्युअलवर घेऊन दुसरा गिअर टाका आणि ब्रेकला हात न लावता गाडी किती धरली जाते ते तपासा. गिअरबॉक्स तिथे कसा वागतो, यावरून ती गाडी तुमच्या रस्त्यांना जमेल की नाही हे बटणांच्या संख्येपेक्षा जास्त कळेल.